पिवळा बल्ब की पांढरा? घरात कुठे कुठला लावायचा, एका टू-बीएचकेच्या उदाहरणासकट

इलेक्ट्रिकच्या दुकानात बल्ब मागितला की पहिला प्रश्न येतो, "वॉर्म देऊ का व्हाइट?" आणि आपण बहुतेक वेळा विचार न करता "व्हाइट द्या" म्हणून मोकळे होतो, कारण लहानपणापासून घरात ट्यूबच होती आणि पिवळा बल्ब म्हणजे कमी उजेड हे डोक्यात पक्कं बसलंय. त्याला कारणही आहे. जुना तारेचा बल्ब व्होल्टेज कमी झालं की नुसता मंद व्हायचा नाही, तर लालसर पण व्हायचा, गावाकडे संध्याकाळी सगळीकडे मोटरी चालू झाल्या की घरातला बल्ब निखाऱ्यासारखा दिसायचा, म्हणून पिवळं-लाल म्हणजे अंधुक आणि पांढरं म्हणजे लख्ख असं समीकरण झालं. एलईडीत तसं होत नाही. तिथे रंग आणि उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगवेगळ्या निवडायच्या असतात, आणि घरातले नव्वद टक्के घोळ हे दोन एकच समजल्यामुळे होतात असं माझं ठाम मत आहे.

आता आधी पाकीट वाचायला शिकूया, मग खोल्यांकडे जाऊ.

पाकिटावर काय बघायचं

बल्बच्या खोक्यावर तीन आकडे शोधा. वॅट बघू नका असं नाही, पण ते शेवटी बघा.

पहिला आकडा रंगाचा, केल्विनमध्ये. २७०० ते ३००० म्हणजे वॉर्म व्हाइट, जुन्या तारेच्या बल्बसारखा पिवळसर. ४००० म्हणजे नॅचरल किंवा न्यूट्रल व्हाइट, ना पिवळा ना निळा. ६५०० म्हणजे कूल डेलाइट, आपल्याकडची नेहमीची "पांढरी" ट्यूब, नीट बघितलं तर त्यात निळसर झाक असते. आकडा जितका मोठा तितका उजेड निळ्याकडे, लहान तितका पिवळ्याकडे. देवाच्या समईची ज्योत १९०० च्या आसपास असते, यावरून अंदाज येईल.

यातली गंमत अशी की आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत ३००० आणि ६५०० भरपूर असतात आणि ४००० वाला मागवावा लागतो, म्हणून लोकांना वाटतं की दोनच प्रकार आहेत. मला विचाराल तर घरातल्या निम्म्या जागांना हा मधला ४००० वालाच सगळ्यात बरोबर बसतो. दुकानदार "तो चालत नाही जास्त" म्हणाला तरी मागवून घ्या, चार दिवस लागले तरी चालतील.

दुसरा आकडा ल्युमेन, म्हणजे बल्बमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो तो. साधारण ९ वॅटचा एलईडी ९०० ल्युमेनच्या आसपास देतो आणि ४ फुटी २० वॅटची एलईडी ट्यूब २००० च्या आसपास. एकाच कंपनीचा एकाच वॅटचा वॉर्म आणि कूल घेतला तर वॉर्मचे ल्युमेन थोडेसे कमी असू शकतात, पण फरक इतका छोटा असतो की डोळ्याला कळत नाही. लाइटबिलातही काही फरक नाही, ९ वॅट म्हणजे ९ वॅट, रंग कुठलाही असो.

तिसरा आकडा सीआरआय, काही ठिकाणी आरए लिहितात. या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं मोजमाप, १०० म्हणजे पैकीच्या पैकी. घरगुती बल्ब बहुतेक ८० चे असतात, चांगले ९० चे मिळतात. पांढरा एलईडी हा मुळात निळा एलईडी असतो आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर असतो, निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. पण या मिश्रणात गडद लाल कमी पडतो. म्हणून स्वस्त पांढऱ्या बल्बखाली टोमॅटो विटकरी दिसतो, लाल तिखट तपकिरी दिसतं आणि माणसाचा चेहरा आजारी असल्यासारखा वाटतो. लोक म्हणतात पांढरा उजेड वाईट, पण दोष पुष्कळदा पांढऱ्याचा नसतो, कमी सीआरआयचा असतो. खोक्यावर सीआरआयचा आकडाच छापलेला नसेल तर तो बल्ब पॅसेजला किंवा स्टोअररूमला लावा, ओट्यावर नको.

विकत घ्यायच्या आधी घरात एक संध्याकाळ

दुकानात बल्ब पेटवून दाखवतात त्यावरून काही ठरवू नका. तिथे आजूबाजूला पन्नास दिवे चालू असतात आणि डोळा त्या सगळ्याच्या सरासरीला सरावलेला असतो.

एकाच कंपनीचे, एकाच वॅटचे तीन बल्ब आणा, ३०००, ४००० आणि ६५००. तिन्ही पुढे घरात कुठे ना कुठे लागणारच आहेत त्यामुळे वाया काही जात नाही. अंधार पडल्यावर, खिडकीतून उजेड येत नसताना, ज्या खोलीचं ठरवायचंय तिथले बाकीचे दिवे बंद करून एकाच होल्डरला एक एक लावून बघा. प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटं तरी त्या उजेडात बसा, आपलं रोजचं काम करा, लगेच "हा पिवळा वाटतो" म्हणून काढू नका, कारण पांढऱ्यावरून पिवळ्यावर आल्यावर पहिली दोन मिनिटं कुणालाही तो भगवाच वाटतो, मग डोळा जुळवून घेतो. एक बल्ब काढून दुसरा लावताना बटण बंद करा आणि बल्ब गार होऊ द्या, हे सांगायची गरज नाही पण तरी सांगते.

बघायचं काय, तर तीन गोष्टी. भिंत कशी दिसते, स्वतःच्या हाताची त्वचा कशी दिसते, आणि त्या खोलीतली जी मुख्य वस्तू असेल ती कशी दिसते, स्वयंपाकघरात पालक-टोमॅटो, बेडरूममध्ये कपडे. भिंतीचं विशेष बघा. आपल्याकडे क्रीम किंवा फिकट पिवळा रंग फार घरांत असतो आणि त्यावर ६५०० चा निळसर उजेड पडला की भिंत हिरवट, मळकी दिसते, रंग देऊन सहाच महिने झाले असले तरी. उलट राखाडी किंवा फिकट निळ्या भिंतीवर ३००० टाकला तर ती भिंत चिखलासारखी दिसते. म्हणजे भिंतीचा रंग आधीच ठरलेला असेल तर बल्बच्या रंगाची अर्धी निवड झालेली असते, आणि रंगकाम व्हायचं असेल तर शेडकार्डवरचा रंग घरातल्या बल्बखाली, रात्री, भिंतीवर हातभर पट्टा मारून बघून मगच ठरवा.

फोनने फोटो काढून तुलना करायला जाल तर फसाल, कारण फोन आपोआप रंग दुरुस्त करतो आणि तिन्ही बल्बचे फोटो जवळपास सारखे येतात. करायचंच असेल तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर, समजा ५००० वर, कायम ठेवा आणि मग तिन्ही फोटो काढा. फरक लगेच दिसतो.

"वॉर्म लावला आणि अंधार झाला" याचं खरं कारण

ही तक्रार इतक्या जणांकडून ऐकली आहे की यावर थोडं थांबते.

माझ्या मावसबहिणीचा चिंचवडला टू-बीएचके फ्लॅट आहे, हॉल १० बाय १६ फूट, म्हणजे १६० चौरस फूट, साधारण १५ चौरस मीटर. हॉलमध्ये ६५०० ची २० वॅटची एकच ट्यूब वापरात होती. कुणीतरी सांगितलं वॉर्म लाइट छान दिसतो, म्हणून तिने ट्यूब बंद ठेवून वॉर्मचा ९ वॅटचा बल्ब लावला आणि दोन दिवसांत काढून टाकला, डोळे दुखतात म्हणाली.

हिशोब करून बघा. ट्यूबचे २००० ल्युमेन, त्यातला साधारण निम्मा उजेड आपण बसतो त्या उंचीला पोचतो, बाकीचा छतात, भिंतीत, पंख्यात जिरतो. म्हणजे १००० ल्युमेन १५ चौरस मीटरवर पसरले, भागाकार केला की ६५ लक्सच्या आसपास. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर प्रत्यक्ष पडलेला उजेड. हॉलमध्ये गप्पा मारत बसायला १०० च्या आसपास बरं वाटतं, पेपर वाचायला ३०० तरी लागतात, म्हणजे ट्यूब होती तेव्हाच उजेड कमी होता. आता त्या जागी ९ वॅटचा बल्ब, ९०० ल्युमेन, त्याचे निम्मे ४५० भागिले १५, म्हणजे ३० लक्स. उजेड निम्म्याहून कमी केला आणि दोष गेला पिवळ्या रंगावर. २० वॅटचीच वॉर्म ट्यूब लावली असती तर ती तक्रार झालीच नसती.

म्हणून पहिला नियम असा की रंग बदलताना ल्युमेन कमी होऊ देऊ नका. खोलीची लांबी-रुंदी मीटरमध्ये मोजा, क्षेत्रफळ काढा, त्याला जितके लक्स हवेत त्याने गुणा आणि त्याची दुप्पट करा, तेवढे एकूण ल्युमेन लागतात. भिंती गडद असतील तर दुप्पटीपेक्षाही जास्त धरा. हा ढोबळ हिशोब आहे, पण घरासाठी पुरतो.

याची दुसरी बाजूही आहे. १९४१ मध्ये क्रुइथोफ नावाच्या डच शास्त्रज्ञाने मांडलं होतं की कमी उजेडात पिवळसर रंग सुखाचा वाटतो आणि निळसर पांढरा रंग उदास वाटतो, तर भरपूर उजेडात पांढरा चालतो. त्याचा आलेख नंतरच्या प्रयोगांत जसाच्या तसा जुळला नाही, पण त्यातली एक गोष्ट मला घराघरात दिसते, ती म्हणजे कमी वॅटचा ६५०० चा बल्ब लावलेली खोली. ५ वॅटचा कूल डेलाइट बल्ब बेडरूमला लावून बघा, खोली राखाडी आणि रिकामी वाटते. तोच ५ वॅट वॉर्म लावला तर उजेड तेवढाच असून बसवतं. त्यामुळे मंद दिवा हवा असेल तिथे वॉर्मच घ्या, आणि ६५०० घ्यायचाच असेल तर भरपूर घ्या, अर्धवट नको.

स्वयंपाकघर: इथे चूक परवडत नाही

सगळ्यात आधी ओटा. आपल्याकडे ट्यूब असते छताला नाहीतर मागच्या भिंतीला, आणि आपण ओट्याकडे तोंड करून उभे राहतो, म्हणजे उजेड पाठीवर आणि सावली बरोबर विळीवर नाहीतर चॉपिंग बोर्डवर. त्यात ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, तो उजेड गिळतो. मग लोक छताला आणखी एक ट्यूब लावतात आणि सावली आहे तशीच राहते. इथे रंगाच्या आधी जागा बदलायला हवी.

वरच्या कपाटाच्या तळाला, पुढच्या कडेजवळ, एलईडी स्ट्रिप लावून घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेली आणि वर दुधी कव्हर असलेली, उघडी स्ट्रिप नको, कारण चकचकीत ग्रॅनाइटमध्ये तिचे ठिपके ठिपके दिसतात आणि डोळ्यात टोचतात, शिवाय फोडणीची वाफ आणि तेल बसून ती सहा महिन्यांत पिवळी पडते. मीटरला १० वॅटच्या आसपासची स्ट्रिप पुरते. तिचा ड्रायव्हर, म्हणजे तो छोटा डबा, गॅसच्या वर आणि चिमणीजवळ ठेवू देऊ नका, बाजूच्या कपाटात ठेवायला सांगा, उष्णतेने आधी तोच जातो.

रंग ४०००, सीआरआय ९०. याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. ३००० च्या बल्बखाली पिवळ्यावर पिवळं दिसत नाही, तूरडाळ निवडताना तिच्यातला पिवळसर खडा निसटतो, दह्यात हळद सगळीकडे मिसळली का ते कळत नाही, बेसन भाजताना रंग कधी बदलला ते वासावरच ठरवावं लागतं. ६५०० च्या बल्बखाली दुसरी अडचण, कांदा गुलाबीवरून तपकिरीकडे कधी गेला ते नीट कळत नाही, आणि मासे-मटण ताजं आहे का ते बघायचं तर लाल रंगच खोटा दिसतो. ४००० आणि ९० सीआरआय असला की दोन्ही भानगडी संपतात.

छताचा दिवासुद्धा ४००० च ठेवा. स्ट्रिप एका रंगाची आणि ट्यूब दुसऱ्या रंगाची असेल तर भांड्याला दोन रंगांच्या दोन सावल्या पडतात, एक पिवळी एक निळी, आणि डोळा थकतो.

हॉल: एक नाही, दोन बटणं

हॉलमध्ये सकाळी पेपर वाचतात, संध्याकाळी मुलं अभ्यास करतात, पाहुणे येतात, रात्री टीव्ही चालतो. यासाठी एकच रंग शोधत बसलात तर कायम भांडण. बाबांना पांढरा हवा, मुलीला पिवळा हवा, आणि दोघांचंही बरोबर असतं, कारण दोघांची वेळ वेगळी आणि काम वेगळं. म्हणून दोन वेगळी बटणं करा, एक कामाच्या उजेडाचं आणि एक बसण्याच्या उजेडाचं.

चिंचवडच्या त्या हॉलमध्ये शेवटी असं केलं. समोरासमोरच्या भिंतींवर ४००० च्या २० वॅटच्या दोन ट्यूब, एका बटणावर. दोन्ही मिळून ४००० ल्युमेन, मघाचाच हिशोब केला तर १३० लक्स, म्हणजे आधीच्या दुप्पट. फॉल्स सीलिंगमध्ये ६ वॅटचे सहा डाउनलाइट आधीपासून होते पण दोन वॉर्म, चार कूल असे मिसळलेले, म्हणून कुणी लावायचंच नाही. ते सगळे एकाच कंपनीचे ३००० चे करून घेतले आणि बटणं दोन ठेवली, टीव्हीच्या बाजूचे तीन वेगळे, सोफ्याच्या बाजूचे तीन वेगळे. टीव्ही बघताना फक्त सोफ्याच्या बाजूचे तीन लावायचे, म्हणजे स्क्रीनकडे बघताना दिवे नजरेसमोर येत नाहीत. आणि बाबांच्या खुर्चीजवळ शेड असलेला उभा दिवा, त्यात ९ वॅट. त्यात ४००० घातला कारण ते पेपर वाचतात, आणि दिवा पेपरपासून दोन-अडीच फुटांवर असल्यामुळे अख्ख्या खोलीचा उजेड न वाढवता पानावर पुरेसा पडतो.

घरात साठीच्या पुढची माणसं असतील तर हा जवळचा दिवा कराच. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि पडद्यापर्यंत कमी उजेड पोचतो, तरुण माणसाला पुरणारा उजेड त्यांना पुरत नाही. त्यांना रंगापेक्षा ल्युमेन जास्त लागतात, आणि ते छतावरून नाही तर जवळून. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना पुष्कळदा उलटं वाटतं, पांढरा उजेड अचानक निळा आणि टोचरा लागायला लागतो, कारण पिवळं भिंग निघून स्वच्छ भिंग बसलेलं असतं. आईबाबांनी ऑपरेशननंतर "ही ट्यूब डोळ्यात जाते" म्हटलं तर ते खरं आहे, ट्यूब बदलून ४००० किंवा ३००० ची लावा.

हॉल आणि किचन एकमेकांना उघडे असतील तर एकाच वेळी नजरेत येणारे दिवे शक्यतो एका रंगाचे असावेत. म्हणजे हॉलच्या ४००० च्या ट्यूब आणि किचनचा ४००० जुळतात. रात्री हॉलमध्ये ३००० लावला आणि किचनमध्ये कुणी ओट्याची स्ट्रिप लावली तर फरक दिसतो, पण ४००० आणि ३००० मधला फरक सहन होतो. ३००० च्या शेजारी ६५०० मात्र कधीच बरा दिसत नाही.

बेडरूम आणि झिरोचा बल्ब

बेडरूमला मुख्य दिवा ३०००. झोपायच्या आधीचे दोन-तीन तास निळसर आणि लख्ख उजेड डोळ्यात गेला तर मेंदूला अजून दिवसच वाटतो आणि झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं. इथे लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे रंगाइतकंच प्रमाणही महत्त्वाचं आहे. वॉर्म म्हणून छताला २० वॅटचे दोन पॅनेल लावून अकरापर्यंत त्याखाली बसलात तर नुसत्या पिवळेपणाचा फार उपयोग नाही. म्हणून छताला ३००० चा साधा दिवा आणि उशाशी ४-५ वॅटचा वेगळा, आणि दहानंतर फक्त उशाचाच.

कपड्यांच्या कपाटासमोर मात्र वॉर्म कामाचा नाही, त्यात काळा आणि नेव्ही ब्लू ओळखू येत नाही, साडीवर ब्लाउज मॅच करताना तर हमखास घोळ होतो. कपाटाच्या आत किंवा वर ४००० ची छोटी पट्टी लावा, दार उघडलं की लागणारी मिळते.

झिरोचा बल्ब हा आपल्याकडचा खास विषय. किती तरी घरांत तो निळा किंवा हिरवा असतो आणि रात्रभर चालू असतो. झोपेच्या दृष्टीने निळा हा सगळ्यात चुकीचा रंग. अर्ध्या वॅटचा पिवळा किंवा लालसर घ्या, आणि शक्य असेल तर छताजवळ नको, पलंगाच्या उंचीच्या खाली, बाथरूमकडे जायच्या वाटेवर लावा, म्हणजे रात्री उठणाऱ्या आजीआजोबांना पायाखालचं दिसतं आणि झोपलेल्याच्या डोळ्यावर उजेड येत नाही.

अभ्यासाचं टेबल

शाळेतली मुलं असली की ६५०० हवाच असं ठामपणे सांगणारे भेटतात. दिवसा किंवा संध्याकाळी निळसर उजेडात थोडं ताजंतवानं वाटतं हे खरं आहे, पण नववी-दहावीतलं मूल रात्री अकरापर्यंत बसतं आणि मग झोपायला जातं, त्याला हा सौदा महागात पडतो. वहीवर ४००-५०० लक्स पडतील असा ४००० चा टेबल लॅम्प घ्या, उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून आणि डावखुऱ्याला उजवीकडून, म्हणजे स्वतःच्याच हाताची सावली अक्षरावर पडत नाही. खोलीतला मागचा दिवाही चालू ठेवा, अंधाऱ्या खोलीत एकच लखलखीत लॅम्प असला की डोळ्याला वही आणि अंधार यात सारखं जुळवत बसावं लागतं.

बाकीच्या जागा

बाथरूमच्या आरशाला ४०००, सीआरआय ९०, आणि दिवा आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर. छतावरून उजेड आला की डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पडते, दाढी करताना मानेखालचे केस राहतात. पाणी उडतं तिथे आयपी४४ लिहिलेलं फिटिंग घ्या. देवघराला २७०० किंवा ३०००, समईच्या उजेडाशी तोच जुळतो आणि पितळेची उपकरणी त्यातच उठून दिसतात, चांदीची मात्र पिवळट दिसतात हे लक्षात ठेवा.

गॅलरी, जिना आणि दाराबाहेरचा दिवा वॉर्मच. किड्यांना निळ्या आणि अतिनील बाजूचा उजेड जास्त ओढतो, त्यामुळे वॉर्म एलईडीवर ते कमी येतात. अजिबात येत नाहीत असं नाही, पहिल्या पावसानंतर वाळवीची पंखवाली पाखरं उडतात तेव्हा कुठल्याही दिव्यावर येतातच, त्या संध्याकाळी दिवा बंद करणं हाच उपाय.

थ्री-इन-वन पॅनेल घ्यायचं का

एकाच पॅनेलमध्ये तिन्ही रंग, बटण बंद-चालू केलं की रंग बदलतो, असली पॅनेल आता सगळीकडे मिळतात. एका खोलीत एकच दिवा असेल आणि वायरिंग फोडायचं नसेल, भाड्याचं घर असेल, तर जरूर घ्या. पण एका बटणावर चार-सहा पॅनेल असतील तर कधीतरी त्यांचा क्रम चुकतो, तीन पिवळी आणि एक निळं असं होतं. पुन्हा एका रांगेत आणायची पद्धत मॉडेलनुसार वेगळी असते आणि ती खोक्यातल्या कागदावर दिलेली असते, म्हणून तो कागद फेकू नका. लाइट गेली-आली किंवा घरातलं कुणी घाईत दोनदा बटण दाबलं की रंग बदललेला असतो, हेही रोजचं आहे. म्हणून हॉलसारख्या जागी मला दोन वेगळी बटणंच जास्त पटतात. पंख्याच्या रेग्युलेटरवर एलईडी लावून मंद करायचा प्रयत्न मात्र करू नका, बल्ब लुकलुकतो आणि लवकर जातो, मंद करायचा असेल तर डिमेबल लिहिलेला बल्ब आणि एलईडीचा डिमर दोन्ही लागतात.

खरेदी करताना

एका खोलीतले एका रंगाचे सगळे दिवे एकाच वेळी, एकाच कंपनीचे घ्या आणि प्रत्येक प्रकारचा एक जास्तीचा घेऊन ठेवा. दोन कंपन्यांच्या ३००० मध्येही फरक दिसतो, एक गुलाबीकडे झुकतो एक हिरवटाकडे, आणि छतावर शेजारी शेजारी असले की लगेच डोळ्यात भरतो. होल्डर पिनचा आहे की आट्यांचा ते घरून बघून जा. आणि इन्व्हर्टर बल्ब घेणार असाल तर ते बहुतेक ६५०० चेच ठेवलेले असतात, बेडरूमसाठी वॉर्म हवा असेल तर दुकानदाराला आधी सांगून ठेवा. जास्तीचे बल्ब त्यांच्या खोक्यातच ठेवा आणि खोक्यावर पेनाने खोलीचं नाव लिहा, म्हणजे दोन वर्षांनी किचनमधला गेला की घाईत कुणी बेडरूमचा काढून तिथे लावणार नाही.